मुलाखतीची वेळ बदलून मागताना
गुरुवारी सकाळी ११ला मुलाखत आणि त्याच वेळी विद्यापीठाची परीक्षा, असा पेच पडला तर लक्षात येताच मेल करावा. मुलाखतीच्या मेललाच उत्तर द्यावं, म्हणजे आधीचा पत्रव्यवहार एचआरसमोर राहतो. कारण एका वाक्यात पुरे: ‘त्या वेळी माझी परीक्षा आहे.’ मागितल्याशिवाय हॉल तिकीट जोडू नये. खरा भर पर्यायांवर हवा. ‘तुमच्या सोयीने कधीही’ असं लिहिलं की वेळ शोधायचं काम पुन्हा त्यांच्यावरच पडतं. त्यापेक्षा लिहावं: ‘गुरुवारी दुपारी ३ नंतर किंवा शुक्रवारी दिवसभर येऊ शकेन, ऑनलाइनही चालेल.’ नवी वेळ पक्की झाल्याचा मेल येईपर्यंत जुनी रद्द झाली असं समजू नये. बुधवारी दुपारपर्यंत उत्तर आलं नाही, तर सरळ फोन करावा.