जन्माची तिमाही आणि पगाराचं गणित

जास्त शिकलेल्यांना जास्त पगार मिळतो, हे कुठल्याही जनगणनेच्या आकड्यांत दिसतं. पण तो शिक्षणामुळे मिळतो का, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. जो मुलगा जास्त शिकला तो कदाचित मुळात हुशार असेल, त्याच्या घरी पैसा असेल, वडिलांच्या ओळखी असतील. यांतलं बरंच काही जनगणनेत नोंदलेलं नसतं, त्यामुळे ते हिशेबातून वजा करता येत नाही.

जोशुआ अँग्रिस्ट आणि अॅलन क्रूगर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९९१ साली एका निबंधात यावर वाट काढली. एखाद्याचं शिक्षण थोडं वाढावं किंवा घटावं, पण त्याचा हुशारीशी किंवा घरच्या परिस्थितीशी काहीच संबंध नसावा, असं कारण त्यांना हवं होतं. अशा कारणाला अर्थशास्त्रात ‘इन्स्ट्रुमेंट’ म्हणतात. त्यांना ते सापडलं जन्माच्या महिन्यात.

त्या काळी अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत एका कॅलेंडर वर्षात जन्मलेली मुलं एकाच सप्टेंबरात पहिलीत जात. शाळा सोडण्याची मुभा मात्र वयाची सोळा वर्षं भरल्यावर मिळे, इयत्ता कुठलीही असो. जानेवारी १९३० आणि डिसेंबर १९३० मध्ये जन्मलेली दोन मुलं घ्या. दोघंही सप्टेंबर १९३६ मध्ये पहिलीत बसली. पहिल्याला जानेवारी १९४६ मध्ये, म्हणजे दहावीच्या मध्यावर, सोळा वर्षं पूर्ण झाली. दुसऱ्याला तोच वाढदिवस यायला डिसेंबर उजाडला आणि तोवर तो अकरावीत पोचला होता. दोघांनाही शाळेचा कंटाळा असेल, तर कायद्याने दुसऱ्याला जवळपास एक वर्ष जास्त शिकवलं. जन्माचा महिना काही कुणी स्वतः निवडत नाही.

आता आकडे पाहू. १९३० ते १९३९ दरम्यान जन्मलेल्या सव्वातीन लाखांहून अधिक पुरुषांची १९८० च्या जनगणनेतली माहिती त्यांनी घेतली. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचं सरासरी शिक्षण १२.६९ वर्षं निघालं, बाकीच्यांचं १२.८० वर्षं. फरक ०.११ वर्षाचा, म्हणजे सव्वा महिन्याच्या आसपास. त्यांचा आठवड्याचा पगारही सरासरी १.१ टक्क्याने कमी होता. १.१ ला ०.११ ने भागलं की उत्तर येतं दहा: शाळेचं एक वर्ष वाढलं की पगार सुमारे दहा टक्के वाढतो. साधी तुलना केली तर सात टक्के येतात. म्हणजे शिक्षणाचा फायदा हा हुशारीचा नुसता भास आहे, अशी जी शंका होती, तिला या आकड्यांनी आधार दिला नाही.

इन्स्ट्रुमेंट वापरणारा निबंध हाती आला, की आधी हा भागाकार शोधावा. तो बहुतेकदा जाडजूड तक्त्यांच्या आड असतो. वरची संख्या सांगते, इन्स्ट्रुमेंटने अंतिम परिणाम किती हलला. खालची सांगते, ज्याचा अभ्यास चालला आहे ती गोष्ट किती हलली. इथे खालची संख्या ०.११ इतकी लहान आहे. इतक्या लहान संख्येने भागताना वरच्या संख्येतली चूक नऊपट होऊन उत्तरात उतरते.

आता समजा, पगारातल्या त्या १.१ टक्क्यांपैकी अर्धा टक्का शाळेमुळे नसून दुसऱ्याच कशामुळे पडला. उरले ०.६. त्यांना ०.११ ने भागलं की दहाच्या जागी साडेपाच येतात. नेहमीच्या तुलनेत अर्ध्या टक्क्याची गफलत कुणाच्या लक्षातही आली नसती. इथे तिने उत्तर जवळपास निम्म्यावर आणलं.

तो ‘दुसरा काही’ खरोखर आहे का? अँग्रिस्ट आणि क्रूगर यांनी ही शंका आधीच ओळखून एक चांगली तपासणी केली होती. सोळाव्या वर्षीच्या कायद्याने पदवीधरांना अडवलेलं नसतं. त्यामुळे तिमाहीचा परिणाम फक्त शाळेतून होत असेल, तर पदवीधरांच्या पगारात तो दिसायला नको. तो दिसला नाही. अशी तपासणी ज्या निबंधात नसते, त्याच्याकडे जास्त संशयाने पाहावं.

तरीही २०१३ साली केसी बकल्स आणि डॅनियल हंगरमन यांनी अमेरिकेतल्या जन्मनोंदी तपासल्या, तेव्हा हिवाळ्यात जन्मलेल्या मुलांच्या आयांमध्ये अल्पवयीन, अविवाहित आणि कमी शिकलेल्या स्त्रियांचं प्रमाण थोडं जास्त निघालं. जन्माचा हंगाम आणि पुढचं आयुष्य यांच्यात जो संबंध दिसतो, त्यातला निम्म्यापर्यंतचा भाग घरच्या पार्श्वभूमीने समजावता येतो, असं त्यांना आढळलं. बाळ आपला महिना निवडत नाही हे खरं. पण तो महिना आईबापांच्या परिस्थितीशी जोडलेला असतो. शिवाय जानेवारीतलं मूल वर्गात वयाने मोठं असतं, आणि त्याचाही त्याच्या प्रगतीवर परिणाम होऊ शकतो. पगारापर्यंत पोचायला शाळेच्या वर्षांखेरीज असे आणखी रस्ते आहेत का, हा प्रश्न कुठलाच तक्ता पूर्णपणे निकाली काढत नाही. त्यासाठी त्या समाजाची माहिती लागते. महाराष्ट्रात आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहून टाकली. अशा दाखल्यांवर हीच युक्ती चालवली, तर तक्ते व्यवस्थित भरतील, पण त्यात जन्माचा खरा महिना नसेलच.

दुसरी कमजोरी वेगळ्या जातीची आहे. निबंधात वरच्या साध्या भागाकारावर न थांबता तिमाहीचा जन्मवर्षाशी आणि राज्याशी गुणाकार करून तब्बल १८० इन्स्ट्रुमेंटं तयार केलेली एक आवृत्ती होती. साध्या भागाकारातला ०.११ चा फरक त्याच्या प्रमाण त्रुटीच्या आठपट होता, म्हणजे भक्कम. १८० तुकडे केल्यावर मात्र बहुतेक तुकड्यांचा शिक्षणाशी नावापुरताच संबंध उरला. जॉन बाउंड, डेव्हिड जेगर आणि रेजिना बेकर यांनी १९९५ साली प्रत्येक माणसाची खरी तिमाही काढून टाकली, तिथे यादृच्छिक तिमाही बसवली आणि तेच गणित पुन्हा केलं. उत्तर निरर्थक यायला हवं होतं. ते आलं साध्या तुलनेच्या जवळ, आणि त्रुटीही विश्वासार्ह वाटावी इतकी लहान. तुकडे इतके असले, की त्यांतले काही योगायोगानेच शिक्षणाशी जुळतात, आणि त्या योगायोगाबरोबर हुशारी-श्रीमंतीची मूळ भेसळही परत आत येते. म्हणून निबंधात पहिल्या टप्प्याचा ‘एफ’ आकडा शोधावा. एकच इन्स्ट्रुमेंट असेल आणि तो दहाच्या खाली असेल, तर सावध व्हावं. इन्स्ट्रुमेंटं डझनांनी असतील, तर दहाच्या वर असला तरी पुरेसा नाही.

आणि भागाकार सगळ्या कसोट्यांवर उतरला, तरी दहा टक्के कुणाचे, हे पाहावंच लागतं. जी मुलं काही झालं तरी कॉलेजला जाणार होती, त्यांचं शिक्षण जन्माच्या महिन्याने बदललंच नाही. ते बदललं फक्त सोळा पूर्ण होताच शाळा सोडणाऱ्या मुलांचं. गीडो इम्बेन्स आणि अँग्रिस्ट यांनी १९९४ साली हे नेमकं मांडलं, आणि २०२१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला. क्रूगर २०१९ मध्येच गेले होते. तेव्हा हे दहा टक्के १९४० आणि १९५० च्या दशकांत दहावी-अकरावीत अडखळलेल्या अमेरिकी मुलांबद्दलचे आहेत. पदव्युत्तर शिष्यवृत्तीवर खर्च करावा की नाही, हे ठरवायला त्यांचा उपयोग नाही.