यादी एकाच नंबरावर पाठवा

आमच्या पेठेतल्या किराणा दुकानदारांनी या महिन्यात प्रत्येक बिलाबरोबर एक छापील पत्र दिलं. मजकूर असा:

'सप्रेम नमस्कार. आजवर आपण सामानाची यादी माझ्या, माझ्या मुलाच्या किंवा दुकानातल्या पोरांच्या फोनवर पाठवत होता. येत्या एक तारखेपासून यादी फक्त दुकानाच्या व्हॉट्सॲप बिझनेस नंबरावर पाठवावी. हा नंबर म्हणजे पाटीवर असलेला आपला जुनाच लँडलाइन नंबर आहे. संध्याकाळी सहापर्यंत आलेली यादी दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत घरपोच होईल. "ऑर्डर पक्की" असं उत्तर आणि बिलाची रक्कम आमच्याकडून आल्यावरच ऑर्डर घेतली असं समजावं. ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप नाही त्यांनी पूर्वीप्रमाणे याच नंबरावर फोन करावा. कळावे, लोभ असावा.'

पत्र लहान असलं तरी त्यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या घोटाळ्यातून आलेलं आहे. दुकानदारांनी सांगितलेला एक प्रसंग नमुन्यादाखल घेऊ. एका घरातल्या आजींनी रात्री मालकांच्या फोनवर यादी पाठवली: तूरडाळ दोन किलो, पोहे एक किलो, शेंगदाणे, तेल. मालक गावी लग्नाला गेलेले. त्यांनी मेसेज उघडून पाहिला, उद्या बघू म्हणून फोन खिशात ठेवला. आजींना दोन निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे काम झालं. सकाळी सामान आलं नाही म्हणून सूनबाईंनी तीच यादी, वर दोन किलो गूळ घालून, मुलाच्या फोनवर धाडली. मुलाने सामान पोचवलं. दुपारी मालक परतले, त्यांना आजींची यादी आठवली आणि दुसरी पिशवी रवाना झाली. यात कोणाचाच हलगर्जीपणा नव्हता. एकाच घराची ऑर्डर दोन खिशांत होती आणि एका खिशाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

निळ्या खुणांचा अर्थ एवढाच, की मेसेज उघडला गेला. ऑर्डर स्वीकारली, माल शिल्लक आहे, भाव तोच आहे, यातलं काहीही त्या सांगत नाहीत. 1872च्या भारतीय करार कायद्याचं तत्त्वही हेच आहे: एकाने प्रस्ताव मांडला म्हणजे करार होत नाही, दुसऱ्याने तो मान्य केल्याचं कळवावं लागतं. डाळ-तांदळाच्या यादीसाठी कोणी कायदा काढून बसत नाही म्हणा. पण 'ऑर्डर पक्की' हे दोन शब्द पत्रात आहेत ते याचसाठी, आणि माझ्या मते पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे.

आता लँडलाइनवर व्हॉट्सॲप कसं, हा प्रश्न पुष्कळांना पडला. व्हॉट्सॲप बिझनेस हे 2018 साली आलेलं, छोट्या व्यावसायिकांसाठीचं वेगळं ॲप आहे आणि ते फुकट मिळतं. नोंदणीच्या वेळी सहा आकडी कोड लागतो. लँडलाइनवर एसएमएस येत नाही, म्हणून तिथे फोन करून कोड सांगण्याचा पर्याय निवडायचा. दुकानातला फोन वाजतो, उचलला की कोड ऐकू येतो. पुढे ॲप चालतं ते दुकानातल्या साध्या स्मार्टफोनवरच. मालकांनी स्वतःचा मोबाइल नंबर यासाठी दिला नाही हे शहाणपणाचं. एक नंबर एका वेळी साध्या व्हॉट्सॲपवर तरी राहतो किंवा बिझनेसवर तरी. स्वतःचा नंबर दिला असता, तर व्याह्यांच्या निरोपांशेजारी साबुदाण्याच्या ऑर्डरी येऊन बसल्या असत्या. शिवाय पोरगा नोकरी सोडून गेला की त्याच्या नंबराबरोबर गिऱ्हाइकंही जातात. पाटीवरचा नंबर दुकानाचाच राहतो.

गिऱ्हाइकांची अडचण होते ती नंबर सेव्ह करताना. पुण्याचा कोड आपण 020 म्हणतो, पण व्हॉट्सॲपसाठी +91 नंतरचं शून्य गाळून थेट 20 आणि पुढे नंबर लिहावा लागतो. शून्य राहिलं तर दुकान व्हॉट्सॲपवर सापडतच नाही. आणि नंबर सेव्ह करणं गरजेचं आहे, कारण दिवाळीआधी दुकानदार यादीतल्या सगळ्यांना एकदम जो निरोप पाठवतात, तो ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. अशा एका यादीत 256 जण बसतात.

दुकानाच्या आत काय बदललं, ते एका ऑर्डरीवरून कळेल. मुख्य फोन गल्ल्यापाशी असतो. त्याला आणखी चार उपकरणं जोडता येतात, त्यांतला एक कॉम्प्युटर मागे, सामान बांधायच्या जागी आहे. पावणेसहाला कागदावरच्या यादीचा फोटो येतो. मुलगा त्या संभाषणाला 'नवी ऑर्डर' हे रंगीत लेबल लावतो, बेरीज करतो आणि रक्कम लिहून 'ऑर्डर पक्की' पाठवतो. हे शब्दसुद्धा रोज टाइप करावे लागत नाहीत; तयार उत्तरं साठवून ठेवता येतात आणि तिरकी रेघ टाकली की समोर येतात. सामान गेलं की लेबल बदलून 'पैसे बाकी', पैसे आले की 'पूर्ण'. रात्री दुकान मिटताना 'पैसे बाकी' या लेबलावर बोट ठेवलं की उधारीची वही उघडल्यासारखी सगळी नावं दिसतात.

पण हे ॲप शिल्लक माल मोजत नाही. साखरेचं पोतं संपलं तरी ते गप्प असतं. दोन ठिकाणी दोघं एकच संभाषण पाहत असतील तर दोघंही पिशवी बांधू शकतात, म्हणून इथे लेबल लावायचा अधिकार एकट्या मुलाकडे ठेवला आहे. गिऱ्हाइकांनी एक पथ्य पाळावं असं दुकानदार सांगतात: पाठवलेली यादी दुरुस्त करू नये. व्हॉट्सॲप पंधरा मिनिटांपर्यंत मेसेज बदलू देतं, पण बदलल्यावर नव्या मेसेजसारखी घंटी वाजत नाही. तोवर पहिल्या यादीचं सामान बांधून झालेलं असतं. काही वाढवायचं असेल तर 'वाढीव' असं लिहून नवा मेसेज पाठवावा.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, ती असायला हवी होती. 'दुकानाचा नंबर बदलला, पैसे या नव्या नंबरावर पाठवा' असा मेसेज कोणीही भामटा पाठवू शकतो. असा मेसेज आलाच तर पाटीवरच्या नंबराला फोन करून विचारावं, आणि पैसे पाठवण्याआधी यूपीआयवर दिसणारं नाव वाचावं. दुकानदारानेही पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटवर न विसंबता बँकेत रक्कम जमा झाली का तेच पाहावं, आणि नोंदणीचा सहा आकडी कोड कोणालाही सांगू नये.

असं पत्र फसतं ते मालकांमुळेच. जुनं गिऱ्हाईक सवयीने मालकांच्या खासगी नंबरावर यादी टाकतं, मालकांना नाही म्हणवत नाही, आणि 'एवढी एक घेतो' म्हणत दुसऱ्या खिशातला धंदा पुन्हा सुरू होतो. अशा वेळी यादी घेण्याऐवजी दुकानाच्या नंबराची wa.me/9120 ने सुरू होणारी लिंक पाठवावी. तिच्यावर बोट ठेवलं की थेट दुकानाचं संभाषण उघडतं. आणि गिऱ्हाइकांनो, मालक तुमच्या कितीही ओळखीचे असले तरी यादी दुकानालाच पाठवा, आणि 'ऑर्डर पक्की' आलं नाही तर फोन करून विचारा.