एका पोर्टावर किती मॉनिटर?

डिस्प्लेपोर्टच्या एकाच केबलमधून दोन-तीन मॉनिटरांची वेगवेगळी चित्रे पाठवता येतात. डिस्प्लेपोर्ट 1.2 या आवृत्तीपासून ही सोय मिळाली. तिला मल्टि-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट, थोडक्यात एमएसटी म्हणतात. संगणक प्रत्येक चित्राचा डेटा ठरावीक खणांत भरून पाठवतो. वाटेतला मॉनिटर आपले खण उचलतो आणि बाकीचे पुढे सोडतो.

मॉनिटरला मॉनिटर जोडत गेले की डेझी-चेन तयार होते. त्यासाठी शेवटचा सोडून प्रत्येक मॉनिटरला डिस्प्लेपोर्टचे आउटपुट लागते. नुसते इनपुट असलेल्या मॉनिटरपुढे साखळी जात नाही, आणि स्वस्त मॉनिटरांत बहुधा तेवढेच असते. आउटपुट असले तरी मॉनिटरच्या मेनूत MST चालू करावे लागते. नाहीतर दुसरा मॉनिटर काळा राहतो किंवा पहिल्याचेच चित्र दाखवतो. आउटपुट नसलेले जुने मॉनिटर वापरायचे असतील तर एमएसटी हब घ्यावा. ही छोटी डबी खणांची वाटणी स्वतःच करते, त्यामुळे मॉनिटर साधे असले तरी चालतात.

खरी अडचण येते ती क्षमतेची. डिस्प्लेपोर्ट 1.2 मधून चित्रासाठी सेकंदाला 17.28 गिगाबिट मिळतात. 2560 × 1440 चा, 60 हर्ट्‌झवर चालणारा मॉनिटर त्यातले सुमारे 5.8 गिगाबिट घेतो. असे दोन मॉनिटर आरामात चालतात. तिसरा जोडला की बेरीज 17.4 होते, आणि एवढ्याशा फरकाने तो उजळत नाही किंवा कमी रिझोल्यूशनवर येतो. इथे केबल बदलून काही साधत नाही. तिसरा मॉनिटर 1920 × 1080 वर ठेवला तर त्याला सुमारे 3.3 गिगाबिट पुरतात आणि तिघेही चालतात. डिस्प्लेपोर्ट 1.4 मध्ये हीच क्षमता 25.92 आहे, मात्र ती मिळायला संगणक आणि हब, किंवा साखळीतला पहिला मॉनिटर, दोन्ही 1.4 चे हवेत.

यूएसबी-सी डॉक घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. चित्राच्या चार वाटांपैकी दोन वेगवान यूएसबीसाठी राखणाऱ्या डॉकमध्ये क्षमता निम्मी होते. 1.2 च्या लॅपटॉपवर मग 1440 चा एकच मॉनिटर चालतो. मॅकवाल्यांनी तर या वाटेला जाऊच नये: मॅकओएस एमएसटीवरून वेगवेगळी चित्रे देत नाही, सगळ्या मॉनिटरांवर एकच चित्र दिसते.

एमएसटीसाठी वेगळी केबल नसते. नेहमीची डिस्प्लेपोर्ट केबल चालते. फक्त ती संगणकाचा वेग पेलणारी हवी. 1.4 साठी DP8K असे प्रमाणित केलेली, शक्यतो दोन मीटरच्या आतली केबल घ्यावी. चित्र मधूनच काळे होऊन परत येत असेल तर आधी संगणकाजवळची केबल बदलून पाहावी, कारण सगळ्या मॉनिटरांचा भार तिच्यावरच असतो. काही निकृष्ट केबलींत विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. तिच्यातून मॉनिटरची वीज संगणकाकडे उलटी येते, आणि मॉनिटर लावलेला असताना संगणक सुरूच होत नाही.