दहा रुपयांच्या पाकिटात चकल्या किती?

बी.बी.ए. किंवा बी.कॉम.च्या वर्गात मार्केटिंगची एक असाइनमेंट हमखास मिळते. खाद्यपदार्थांचा एखादा छोटा ब्रँड निवडा आणि त्याला चार ‘पी’ लावून दाखवा : प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस आणि प्रमोशन. ‘मार्केटिंग मिक्स’ ही कल्पना अमेरिकेतले प्राध्यापक नील बोर्डन यांनी रूढ केली. त्यांची यादी बारा घटकांची होती. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली आपल्या पाठ्यपुस्तकात तिची चार ‘पी’मध्ये मांडणी केली आणि तीच जगभरच्या वर्गांत टिकली.

मुलं बहुतेक वेळा चार चौकटी आखतात आणि त्यांत चार वाक्यं भरतात. माल दर्जेदार, किंमत परवडणारी, विक्री सर्वत्र, जाहिरात सोशल मीडियावर. ही उत्तरं साबणालाही चालतील आणि छत्रीलाही. चकलीचं पाकीट पुढ्यात ठेवून, हातात कॅल्क्युलेटर घेऊन बसलं, की मात्र या चौकटी वेगळ्या राहत नाहीत. एकीतला आकडा हलवला की उरलेल्या तिन्ही हलतात, आणि हे समजावं म्हणूनच तर ही असाइनमेंट असते.

आपण महिला बचत गटाची भाजणीची चकली घेऊ. गट तालुक्याच्या गावचा आहे, जीएसटी नोंदणी झालेली आहे. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. मुलांनी आपापल्या गावात विचारून ते बदलून घ्यावेत. भाजणी, तेल, गॅस आणि मजुरी धरून एक किलो चकली २२० रुपयांना पडते.

गटाला पहिली हौस असते १० रुपयांच्या पाकिटाची, कारण टपरीवर लटकणाऱ्या लडीत तेच खपताना दिसतं. इथे हिशेब उलटा, म्हणजे छापील किमतीकडून मागे करायचा असतो. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. नवख्या ब्रँडचा माल ठेवायला दुकानदार एमआरपीवर २० टक्के मागतो, म्हणजे त्याला पाकीट ८ रुपयांना द्यावं लागतं. मधला वितरक आपल्या खरेदीवर ८ टक्के ठेवतो, तेव्हा त्याला ते ७ रुपये ४० पैशांना पडायला हवं. पाकीटबंद नमकीनवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, आधी तो १२ होता. तो वजा केला की गटाच्या हाती ७ रुपये ५ पैसे येतात.

बऱ्याच वह्यांत इथेच घोळ होतो. ‘२० टक्के’ म्हणजे विक्रीच्या किमतीवर की खरेदीच्या, हे मुलं विचारत नाहीत. ८ रुपयांना घेऊन १० ला विकणारा दुकानदार एमआरपीवर २० टक्के मिळवतो, पण स्वतः गुंतवलेल्या पैशांवर २५. त्यामुळे दुकानात गेल्यावर ‘किती टक्के?’ यापेक्षा ‘तुम्हाला कितीला पडतं?’ हा प्रश्न बरा.

आता ७ रुपये ५ पैशांतून खर्च काढू. पाउच आणि लेबल ९० पैसे, खोका आणि वाहतूक ४०, परत येणारा माल ३५, स्कीम आणि नमुने ५०, भाडं-वीज वगैरे स्थिर खर्च ६०, नफा ४०. बेरीज ३ रुपये १५ पैसे. उरतात ३ रुपये ९० पैसे, आणि २२० रुपये किलोने त्यात जेमतेम साडेसतरा ग्रॅम चकली बसते. म्हणजे दोन छोट्या चकल्या.

पाकिटावर दर ग्रॅमची किंमतही छापावी लागते. १७ ग्रॅमला १० रुपये म्हणजे ग्रॅमला ५९ पैसे. शेजारी लटकणाऱ्या मोठ्या कंपनीच्या पाकिटावरचा आकडा मुलांनी वाचून यावा. त्या कंपनीला छापील फिल्म स्वस्त पडते, कारण ती शेकडो किलोंनी घेतली जाते. गटाला तयार पाउच आणून वर स्टिकर चिकटवावा लागतो. पाकीट जितकं लहान, तितका या ९० पैशांचा भार जास्त. दहाच्या पाकिटाची लढाई गट चवीवर हरत नाही, पाउचच्या खर्चावर हरतो.

मग २०० ग्रॅमचं पाकीट धरू. वितरक न घेता गावातल्या दुकानांना थेट पुरवठा. एमआरपी ९० रुपये. दुकानदाराला ते ७२ ला दिलं, त्यातून जीएसटी काढला, की ६८ रुपये ५७ पैसे राहतात. चकली ४४, पाउच-लेबल साडेचार, पोहोचवणं २, परतीचा माल ३ रुपये ४० पैसे, नमुने वाटायला ३, स्थिर खर्च ५. हाती उरतात ६ रुपये ६७ पैसे. ग्रॅमची किंमत ४५ पैशांवर आली. गिऱ्हाईकही बदललं : टपरीवरचा कॉलेजचा मुलगा गेला, घरी चहाबरोबर चकली ठेवणारं कुटुंब आलं. किमतीचा निर्णय घेता घेता दुकानही ठरलं, खाणाराही ठरला.

या टप्प्यावर मुलं उत्साहाने लिहितात, ‘बारावर एक फ्री’. किराणा दुकानात ही स्कीम चालते, हे खरं. पण बाराचे पैसे घेऊन तेरा दिली, की पाकिटामागे गटाला ६८ रुपये ५७ पैशांऐवजी ६३ रुपये ३० पैसे मिळतात. नफा १ रुपया ४० पैशांवर येतो. स्कीमचा खर्च ‘प्रमोशन’च्या चौकटीत लिहिला, तरी तो वळता होतो ‘प्राइस’मधूनच. माझ्या मते एवढ्या लहान गटाने ही स्कीम पहिल्या ऑर्डरपुरती ठेवावी आणि एरवी दुकानाच्या गल्ल्याजवळ चव घ्यायला तुकडे ठेवावेत. भाजणीची चकली फोटोपेक्षा जिभेवर लवकर पटते.

परतीच्या मालाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण असाइनमेंटमध्ये तो बहुधा नसतोच. तळलेल्या पदार्थाचे वैरी तीन : हवेतला ऑक्सिजन, ओल आणि उजेड. ऑक्सिजन आणि उजेडामुळे तेल खवट होतं, ओलीने चकली मऊ पडते. माल दिसावा म्हणून पूर्ण पारदर्शक पिशवी घेतली आणि दुकानदाराने ती उन्हाच्या बाजूला टांगली, की खवटपणा लवकर येतो. चांदीसारखा थर असलेल्या फिल्मचा पाउच आणि आत नायट्रोजन भरला, तर माल जास्त टिकतो, शिवाय फुगलेल्या पिशवीत चकल्या कमी मोडतात. पण त्यासाठी वेगळं यंत्र लागतं आणि पाउचचा खर्च वाढतो.

टिकण्याची मुदत अंदाजाने छापू नये. एकाच घाण्याची वीस पाकिटं उबदार फडताळात ठेवावीत, दर आठवड्याला एक फोडावं, वास घ्यावा, चकली मोडून आवाज ऐकावा. सील कुठे सुटलंय का, हे पाण्यात पाकीट दाबून बुडबुडे येतात का त्यावरून कळतं. प्रयोगशाळेतली तपासणी याच्या पुढची पायरी.

ही मुदत ‘प्लेस’लाही लगाम घालते. समजा चकली ६० दिवस टिकते. चाळीस दुकानांत एकदम माल भरला आणि निम्म्या दुकानांत तो महिनाभर हलला नाही, तर उरलेल्या दिवसांत तो खपणं अवघड, आणि छोट्या ब्रँडकडून दुकानदार जुना माल बदलून मागतोच. वरच्या हिशेबात परतीसाठी ३ रुपये ४० पैसे धरले, म्हणजे साधारण शंभरातली पाच पाकिटं. पाचाची दहा झाली, की नफ्यातले निम्मे पैसे तिथेच जातात. त्यामुळे दहा दुकानं घ्यावीत, प्रत्येकात बाराच पाकिटं ठेवावीत आणि वहीत तारीख लिहावी : माल कधी ठेवला, कधी संपला, दुकानदाराने स्वतःहून पुन्हा कधी मागवला. ही वही असाइनमेंटला जोडली, तर ‘प्लेस’च्या चौकटीत ‘सर्वत्र’ऐवजी दहा दुकानांची नावं येतील आणि प्रत्येकापुढे दुसऱ्या ऑर्डरची तारीख.