डेमोनंतरचा तो एक मेल

डेमो चांगला झाला, प्रश्न विचारले गेले, चहा झाला, ‘कळवतो’ म्हणून मंडळी उठली आणि नंतर दोन आठवडे काहीच हालचाल नाही. विक्रीचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ही शांतता येते. अशा वेळी बहुतेक जण एका ओळीचा मेल टाकतात: ‘साहेब, काही विचार झाला का?’ त्याला उत्तर येत नाही. उत्तर द्यायचं तर समोरच्याला आधी मालकांशी बोलावं लागेल, अकाउंट्सला विचारावं लागेल, स्वतःचं मत बनवावं लागेल. म्हणजे त्या मेलने त्याचं काम वाढवलं, हातात मात्र काही दिलं नाही.

एक कल्पित पण रोजच्या व्यवहारातलं उदाहरण घेऊ. शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री आहे. दिवसाला साधारण ६०० नग ओतले जातात आणि त्यातले चाळीसेक रिजेक्ट होतात. कुठल्या नगाला ब्लो होल आलं, कुठल्यात वाळू अडकली, हे तपासनीस रजिस्टरमध्ये लिहितो. महिनाअखेरीला कोणीतरी ते एक्सेलमध्ये भरतं. तोवर दोष नेमका कुठल्या हीटमध्ये, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या कुठल्या धातूत आला, हे शोधायची वेळ निघून गेलेली असते. एका छोट्या कंपनीने टॅबवर ही नोंद जागच्या जागी करण्याचं सॉफ्टवेअर तिथे दाखवलं. क्वालिटीच्या साहेबांना ते आवडलं. शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला: ‘आमची तपासणीवरची माणसं टाइप कशी करणार?’ दाखवणारा म्हणाला, ‘ते होईल, ट्रेनिंग देऊ.’ विषय तिथेच संपला.

खरं तर तो संपलेला नव्हता. जवळजवळ प्रत्येक डेमोत असा एक प्रश्न निघतो, ज्याला मोघम उत्तर मिळतं. ऐकणारा तेव्हा काही बोलत नाही. पण मालकांसमोर जाऊन ‘हे घेऊया’ म्हणायची वेळ आली की मालक नेमका तोच प्रश्न विचारणार, हे त्याला ठाऊक असतं. उत्तर नसल्याने तो मालकांकडे जातच नाही. त्याचा नकार नसतो आणि विसरही पडलेला नसतो, फक्त पाऊल अडलेलं असतं. म्हणून डेमोनंतरचा मेल लिहिण्याआधी डेमोच्या वेळची टिपणं काढावीत आणि आपण कुठे मोघम बोललो ते शोधावं. मेलची सुरुवात तिथून व्हायला हवी.

वरच्या फौंड्रीला बारा दिवसांनी पाठवायचा मेल असा असू शकतो:

‘नमस्कार साहेब,

तपासणीवरची माणसं टाइप कशी करणार, हा तुमचा प्रश्न त्या दिवशी अर्धवट राहिला. त्यांना काहीच टाइप करावं लागणार नाही. स्क्रीनवर मराठीत दोषाचं नाव आणि फोटो दिसतो, त्यावर बोट ठेवलं की नोंद होते. हीट नंबर सकाळी सुपरवायझर एकदाच भरतो, तपासनीस तो यादीतून निवडतो. त्या स्क्रीनचा फोटो सोबत जोडला आहे.

दिवसाला चाळीसेक नग रिजेक्ट होतात आणि कारण महिनाअखेरीला कळतं, असं तुम्ही सांगितलं होतं. हे कारण त्याच शिफ्टमध्ये कळावं, एवढंच आम्हाला दाखवायचं आहे.

येत्या गुरुवारी दुपारी २ वाजता मी टॅब घेऊन येतो. तुमच्या एका तपासनीसाने त्या दिवशीच्या दहा नगांची नोंद स्वतः करून बघावी. वीस मिनिटं लागतील, खर्च काही नाही. त्याला जमलं नाही, तर पुढे बोलायचं कारण उरणार नाही. गुरुवारी येऊ का?’

या मेलची पहिली ओळ महत्त्वाची आहे. फोनवर मेलच्या यादीत विषयाखाली सहसा पहिल्या ओळीचे काही शब्द दिसतात. तिथे ‘आपण कुशल असाल अशी आशा’ असेल तर मेल उघडायचं कारण दिसत नाही. तिथे स्वतःचाच प्रश्न दिसला तर माणूस मेल उघडतो. डेमोच्या आधीच्याच मेलला ‘रिप्लाय’ करून हा मेल पाठवावा, म्हणजे जुना पत्रव्यवहार खाली राहतो आणि पुढे मालकांना पाठवताना त्याला काही शोधावं लागत नाही. पन्नास पानी माहितीपत्रक जोडू नये. त्याच्या शंकेचं उत्तर देणारा एक फोटो पुरतो.

मेलमधला आकडाही त्याचाच आहे. ‘तुमचं नुकसान निम्म्यावर आणू’ असं लिहिलं असतं, तर तो विक्रेत्याचा दावा ठरला असता आणि त्याला पुरावा लागला असता. ‘चाळीसेक नग’ हे त्याने स्वतः सांगितलं होतं, त्यामुळे त्यावर वाद नाही.

मेलचा कस लागतो तो मात्र शेवटच्या मागणीत. ‘भेटू, किंवा फोनवर बोलू, किंवा कोटेशन पाठवू’ असे तीन पर्याय दिले की निवड करायचं काम समोरच्यावर पडतं आणि ते पुढे ढकललं जातं. पाऊल एकच मागावं, आणि तेही त्याला कोणाची परवानगी न घेता उचलता येईल असं. क्वालिटीचा साहेब खरेदीची ऑर्डर देऊ शकत नाही, पण तपासणीच्या टेबलाजवळ वीस मिनिटं देणं त्याच्या हातात आहे. ते पाऊल शंकेतूनच निघायला हवं. शंका माणसांना जमेल का याची असेल, तर माणसांच्याच हाती टॅब द्यायचा. शंका किमतीची असती, तर त्यांच्या रिजेक्शनच्या रजिस्टरवरून हिशेब मांडायची बैठक मागितली असती.

उत्तर आलं तर ते नीट वाचावं. ‘आधी किंमत पाठवा’ याचा अर्थ बहुतेक वेळा असा की त्याला वरती दाखवायला कागद हवा आहे. तो एका पानात द्यावा आणि गुरुवारचं विचारणं कायम ठेवावं. ‘एप्रिलनंतर बघू’ असं आलं तर बजेटचा प्रश्न आहे. मग एप्रिलमधली तारीख ठरवून घ्यावी आणि तोवर त्रास देऊ नये. आठवडाभर उत्तरच नाही आलं तर एक फोन करावा. त्यांच्या साहेबांना न विचारता सीसीमध्ये घालू नये. ज्या माणसाने आपल्याला आत घेतलं, त्यालाच त्याने अडचणीत आणल्यासारखं होतं.

मेल उघडला गेला की नाही हे सांगणाऱ्या साधनांवरही विसंबू नये. ती मेलमधल्या एका छोट्या चित्रावर चालतात. अ‍ॅपलने २०२१ मध्ये आपल्या मेल अ‍ॅपमध्ये अशी चित्रं आपोआप आधीच उतरवून घेण्याची सोय आणली. त्यामुळे माणसाने मेल न वाचताही ‘उघडला’ अशी नोंद होऊ शकते. त्या जोरावर ‘तुम्ही मेल पाहिलात ना?’ असं विचारणं चुकीचंही ठरतं आणि समोरच्याला पाळत ठेवल्यासारखंही वाटतं.

गरजच नसेल तर कितीही नेटका मेल ती निर्माण करू शकत नाही. फौंड्रीत दिवसाला दोनच नग रिजेक्ट होत असतील, तर तिथे रजिस्टर पुरेसं आहे, आणि हे विक्रेत्याने आपणहून मान्य करावं. पण गरज आहे, आवड आहे आणि तरीही उत्तर येत नसेल, तर ‘काही विचार झाला का’ हा प्रश्न पाठवू नका. टिपणं काढा, आपण मोघम उत्तर दिलेला प्रश्न शोधा, त्याचं खरं उत्तर लिहा आणि दिवस, वेळ, जागा सांगून एकच गोष्ट मागा.