निर्देशांक फंडावरील ऑप्शन आणि एका कंपनीवरील ऑप्शन : 2005 ते 2022

ठरलेल्या किमतीला शेअर विकत घेण्याचा हक्क म्हणजे कॉल आणि विकण्याचा हक्क म्हणजे पुट. अमेरिकेत एस अँड पी 500 निर्देशांकाचा मागोवा घेणारा ‘एसपीवाय’ हा फंड 1993 मध्ये बाजारात आला आणि 2005 च्या जानेवारीत त्याच्या युनिटवर असे हक्क, म्हणजेच ऑप्शन, मिळू लागले. तेव्हापासून निर्देशांक फंड आणि एकटी कंपनी यांच्या ऑप्शनमधील फरक व्यवहारातूनच उघड होत गेला.

पहिला फरक तरलतेचा, म्हणजे भाव फारसा न हलवता व्यवहार उरकण्याच्या सोयीचा आहे. फंडाच्या ऑप्शनची विक्री करणारा व्यापारी आपली जोखीम निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये तत्काळ झाकू शकत असल्याने खरेदी व विक्रीच्या भावांतील अंतर बहुधा एखाद्या सेंटवर येते. कंपनीच्या, विशेषतः दूरच्या मुदतीच्या ऑप्शनमध्ये मात्र ते कितीतरी रुंद राहते आणि बाहेर पडताना तोच खर्च ठरतो.

लाभांशाच्या बाबतीत फंडाचे वेळापत्रक आधीच ठाऊक असते, तरी धोका टळत नाही, कारण दोन्ही प्रकारचे ऑप्शन मुदतीपूर्वी केव्हाही वापरता येतात. समजा, फंडाचा भाव 450 डॉलर, कॉलची ठरलेली किंमत 430, उद्यापासून तुटणारा लाभांश 1.50 आणि त्याच किमतीचा पुट 0.60 डॉलरला आहे. व्याज बाजूला ठेवल्यास कॉलमधील उरलेले कालमूल्य सुमारे 0.60, म्हणजे लाभांशाहून कमी असल्याने, धारक आजच हक्क वापरतो आणि युनिट हाती नसताना कॉल विकलेल्याला 100 युनिटांमागे 150 डॉलर स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. नेहमीच्या लाभांशासाठी ठरलेली किंमत बदलत नाही; मात्र मायक्रोसॉफ्टने 2004 मध्ये शेअरमागे 3 डॉलरचा विशेष लाभांश दिला, तेव्हा तिच्या ऑप्शनच्या ठरलेल्या किमती तेवढ्याच खाली आणल्या गेल्या.

सर्वांत मोठे अंतर घटनाजन्य जोखमीत आहे. 2022 च्या 2 फेब्रुवारीला बाजार बंद झाल्यावर मेटाचे तिमाही निकाल आले आणि दुसऱ्या दिवशी तिचा शेअर 26 टक्क्यांहून अधिक कोसळला, तर एस अँड पी 500 सुमारे 2.4 टक्केच उतरला. रात्रीत पडलेल्या या दरीत तोटा रोखण्यासाठी दिलेला विक्रीचा आदेशही सकाळच्या नव्या भावालाच अंमलात येतो. अशा निकालांपूर्वी कंपनीचे ऑप्शन महागतात आणि निकालानंतर त्यांतील हे वाढीव मूल्य ओसरते, म्हणून दिशा बरोबर ओळखूनही खरेदीदार तोट्यात जाऊ शकतो.

तथापि, पाचशे कंपन्यांचा समूह एका कंपनीची वार्ता सौम्य करतो, सर्वांवर एकाच वेळी येणारे संकट नव्हे : 16 मार्च 2020 रोजी हाच निर्देशांक सुमारे 12 टक्के घसरला. त्यामुळे फंडाचे ऑप्शन विकणाऱ्याची जोखीम कंपनीच्या ऑप्शनविक्रेत्यापेक्षा कमी वेळा उफाळते. परंतु ती उफाळते तेव्हा इतर शेअर्सचा आधारही त्याच दिवशी सुटलेला असतो, म्हणून त्याने किती कॉल-पुट विकावेत हे अशाच दिवसाच्या हिशेबाने ठरवावे लागते.