राउटरमधला कायमचा अपवाद

घरच्या राउटरला इंटरनेट कंपनीकडून सहसा एकच सार्वजनिक पत्ता मिळतो. घरातल्या उपकरणांना तो स्वतः खासगी पत्ते वाटतो. आतून बाहेर गेलेल्या प्रत्येक मागणीची तो नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ते योग्य उपकरणाला पोचवतो. न मागता आलेले पाकीट कोणाला द्यायचे हे त्याला कळत नाही, म्हणून ते टाकून दिले जाते. हे संरक्षण बरेचसे आयते मिळालेले आहे.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे या अडवणुकीला दिलेला अपवाद. तळोज्याच्या सदनिकेतला सीसीटीव्हीचा डीव्हीआर गावाहून पाहायचा असेल, तर राउटरमध्ये असा नियम भरला जातो:

```
TCP 8080 -> 192.168.1.64:80
```

यापुढे 8080 वर येणारे प्रत्येक पाकीट थेट डीव्हीआरकडे जाते. पाठवणारा घरमालक आहे की परका, हे राउटर पाहत नाही. राखणीला उरतो तो डीव्हीआरचा पासवर्ड आणि त्यातले, बहुधा कधीच अद्ययावत न झालेले सॉफ्टवेअर. पोर्टचा क्रमांक बदलूनही फारसे साधत नाही, कारण उघडी पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेट अखंड चाळत असतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने टेलनेट पोर्ट उघडे असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्यातल्या मूळ पासवर्डनेच ताब्यात घेतले होते.

राउटरवरचा ‘WAN’ पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तो इंटरनेट कंपनीच्याच जाळ्यातला असतो आणि नियम भरूनही बाहेरून काही दिसत नाही. उलट, नियम पुसला तरी ‘UPnP’ चालू असल्यास डीव्हीआर तेच दार स्वतःहून पुन्हा उघडून घेऊ शकतो.